विकन फेन: कुकूच्या दहा सेकंदांच्या मागावर

इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या ईशान्येला, सपाट शेतजमिनीच्या मधोमध विकन फेन नावाची एक जुनी दलदल शिल्लक आहे. भोवतालची दलदल माणसाने पाणी काढून कोरडी केली आणि कोरडी पडलेली ती जमीन हळूहळू खचत गेली, त्यामुळे मूळची ओली जमीन आज शेजारच्या शेतांपेक्षा उंच दिसते. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९९ पासून ती राखली आहे. इथले चर, ज्यांना स्थानिक लोक 'लोड' म्हणतात, माणसाने खणलेले असून त्यांच्या दोन्ही काठांना बोरूची दाट बेटे आहेत. जूनमध्ये मी तिथे गेले ती या बेटांसाठीच, कारण कुकू पक्ष्याची मादी दुसऱ्याच्या घरट्यात अंडे कसे घालते आणि ते तिथे खपते कसे, याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग याच चरांच्या काठी शोधला गेला आहे.

आपल्याकडे कोकिळा आणि कावळा ही जोडी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु तिथे दोन पक्ष्यांच्या आकारात फार तफावत नसते आणि कोकिळेचे पिल्लू बहुधा कावळ्याच्या पिलांबरोबरच वाढते. विकन फेनमधला प्रकार अधिक निर्दय आहे. इथली यजमान म्हणजे रीड वॉर्बलर, बोरूच्या दोन-चार देठांना विणून घट्ट वाटीसारखे घरटे बांधणारी, जेमतेम बारा ग्रॅम वजनाची वटवटी. आणि पाहुणी म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास भरणारी कुकू. एवढ्या थोराड पक्ष्याचे अंडे एवढ्याशा पक्ष्याने उबवावे हे ऐकायला अशक्यच वाटते.

माझ्याबरोबर केंब्रिजमधले एक निवृत्त पक्षिनिरीक्षक होते. सकाळी नऊच्या सुमारास मी दुर्बीण सरसावून उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "घाई करू नका, तिचे काम दुपारनंतरचे असते." वॉर्बलरची मादी पहाटे अंडे घालते, रोज एक, साधारण चार होईपर्यंत, कुकूची मादी मात्र दुपार निवडते. त्याआधी ती चराकाठच्या एखाद्या झाडावर तासन्‌तास निश्चल बसून कोणत्या बेटात घरटे बांधले जात आहे, कोणाची अंडी नुकतीच सुरू झाली आहेत, हे हेरून ठेवते. संधी साधताच ती तरंगत खाली उतरते, घरट्यातले एक अंडे चोचीत उचलते, ते तसेच धरून स्वतःचे अंडे घालते आणि उडून जाते. या सगळ्याला बहुधा दहा सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही. उचललेले अंडे ती नंतर गिळून टाकते.

एके काळी अनेकांची खात्री होती की कुकू जमिनीवर अंडे घालून ते चोचीने घरट्यात नेऊन ठेवते. वुस्टरशायरमधल्या पाउंड ग्रीन कॉमनवर एडगर चान्स याने १९१८ पासून मेडो पिपिट या लहान पक्ष्यांच्या घरट्यांवर पाळत ठेवून आणि पुढे चलच्चित्रण करून ती समजूत खोडून काढली. त्याच्या पाळतीखालच्या एका मादीने १९२२ च्या हंगामात पंचवीस अंडी घातली, अर्थात प्रत्येक निराळ्या घरट्यात. चान्स स्वतः अंडी जमवणारा होता आणि पिपिटांना पुन्हा घरटी बांधायला लावण्यासाठी तो त्यांची अंडी काढून घेत असे; आज असे करणे कोणालाही मान्य होणार नाही.

दुपारच का, आणि दहाच सेकंद का, या प्रश्नांची उत्तरे मात्र विकन फेनमध्ये मिळाली. १९८० च्या दशकात निक डेव्हिस आणि मायकेल ब्रुक या पक्षिसंशोधकांनी कुकूचे अंडे ज्या मापाचे असते त्या मापाची बनावट अंडी तयार करून, वेगवेगळे रंग देऊन, ती इथल्या घरट्यांत स्वतः ठेवली. म्हणजे त्यांनी कुकूचीच भूमिका घेतली आणि एकेक नियम मुद्दाम मोडून पाहिला. वॉर्बलरच्या हिरवट, ठिपकेदार अंड्यांशी न जुळणारे अंडे ठेवले तर ते बहुतेक वेळा नाकारले जाई. जुळणारे अंडेही पहाटे ठेवले तर नाकारले जाण्याची शक्यता वाढत असे, कारण त्या वेळी वॉर्बलर घरट्याजवळ असते. यजमानाने अंडी घालायला सुरुवात करण्याआधीच ठेवलेले अंडे तर टिकतच नसे. आणि घरट्याशेजारी पेंढा भरलेली कुकू ठेवून मग अंडे ठेवले, तर एरवी खपून गेले असते असे अंडेही संशयास्पद ठरत असे. दुपार आणि घाई यांचा अर्थ असा की वॉर्बलरने कुकूला पाहू नये.

एक गोष्ट मात्र अपेक्षेविरुद्ध निघाली. कुकू यजमानाचे एक अंडे उचलते ते संख्येचा मेळ राहावा म्हणून, असे आपल्याला सहज वाटते. परंतु बनावट अंडे ठेवताना एक अंडे काढले काय किंवा न काढले काय, वॉर्बलरच्या निर्णयावर त्याचा परिणाम दिसला नाही. तेव्हा ते अंडे कुकूला फुकटचे जेवण ठरते, आणि घरट्यात फार गर्दी न झाल्याने तिच्या अंड्याला ऊब नीट मिळते, हेच स्पष्टीकरण मला पटते.

दुपारी अडीचच्या सुमारास आम्हाला तिचा आवाज ऐकू आला. 'कुक्-कू' ही साद नराची. मादी मात्र बाटलीतून पाणी ओतताना येतो तसा बुडबुडणारा, घाईघाईचा आवाज काढते, आणि तोही बरेचदा अंडे घालून झाल्यावर. चोरी साधल्यावर चोराने आरडाओरडा का करावा, हे कोडे बराच काळ तसेच होते. जेनी यॉर्क आणि डेव्हिस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा आवाज वॉर्बलरना ऐकवला, तेव्हा त्या लहान पक्ष्यांची शिकार करणाऱ्या ससाण्याच्या, म्हणजे स्पॅरोहॉकच्या, आवाजाने सावध व्हाव्यात तितक्याच सावध झाल्या; नराच्या सादेने मात्र तसे काही झाले नाही. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे: मादीचा आवाज ऐकलेल्या वॉर्बलर घरट्यातले परके अंडे नाकारण्यात कमी पडल्या. स्वतःचा जीव वाचवण्याच्या चिंतेत असलेल्या पक्ष्याला अंडी तपासायला उसंत राहत नाही. कुकूच्या छातीवरचे आडवे पट्टेही ससाण्यासारखेच असतात, त्यामुळे जवळ येऊन तिला हुसकावणे लहान पक्ष्यांना धोक्याचे वाटते.

खरोखरीच्या कुकूने घातलेल्या अंड्यांपैकी इथल्या वॉर्बलर साधारण पाचांत एकच नाकारत, असे डेव्हिस आणि ब्रुक यांना आढळले. याचा अर्थ वॉर्बलर भोळी आहे असा होत नाही. परके समजून आपलेच अंडे फेकले जाण्याचा धोका असतो, आणि अशा चुका प्रत्यक्षात होतात. शिवाय अंडे बाहेर काढताना शेजारचे अंडे फुटू शकते. आसपास कुकूच नसेल तर अतिदक्षता निव्वळ तोट्याची ठरते. म्हणून ती पुरावा पाहते: अंडे किती वेगळे दिसते, कुकू दिसली होती का, शेजारच्या वॉर्बलर तिच्यावर तुटून पडल्या होत्या का.

कुकूच्या बाजूने याला उत्तर म्हणून अंड्यांची नक्कल झाली आहे. एकाच जातीच्या कुकूमध्ये माद्यांचे वेगवेगळे वंश आहेत. काही वॉर्बलरच्या, काही मेडो पिपिटच्या घरट्यांचा वापर करतात आणि प्रत्येकीची अंडी आपापल्या यजमानासारखी असतात. डनॉक या पक्ष्याच्या बाबतीत मात्र गंमत आहे: त्याची अंडी स्वच्छ निळी असतात, त्याच्या घरट्यात कुकू ठिपकेदार अंडे घालते आणि तरी तो ते स्वीकारतो. जिथे यजमान तपासतच नाही तिथे नक्कल करण्याचे कारणही उरत नाही.

आम्ही फळ्यांच्या वाटेने पुढे गेलो तेव्हा बोरूच्या कडेला, पाण्यावर झुकलेल्या फांदीवर कुकूचे एक पिल्लू बसलेले दिसले. घरट्यातून नुकतेच बाहेर आलेले असावे. मानेमागे पांढरा डाग, अंगावर तपकिरी पट्टे आणि उघडलेल्या चोचीत लालभडक जबडा. त्याच्या खांद्यावर उभी राहून एक वॉर्बलर त्याच्या तोंडात माशी घालत होती आणि क्षणभर तिचे डोके त्या जबड्यात जवळजवळ नाहीसे झाले. दुर्बिणीतून हे पाहताना मला हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले.

या पिल्लाने सुरुवात कशी केली असेल हे एडवर्ड जेनर यांनी, देवीच्या लशीसाठी ते प्रसिद्ध झाले त्याआधी, १७८८ मध्ये लिहून ठेवले आहे. कुकूचे अंडे बहुधा यजमानाच्या अंड्यांआधी फुटते. उघड्या अंगाचे, डोळे न उघडलेले पिल्लू काही तासांतच पाठीच्या मधल्या खळग्यात एकेक अंडे किंवा पिल्लू तोलून धरते, घरट्याच्या भिंतीवर पाय रोवून मागे मागे सरकते आणि ते काठावरून ढकलून देते. ती पाठीवरची खळगी पुढे भरून येते. वॉर्बलर जवळ असली तरी हस्तक्षेप करत नाही.

जी मादी अंड्याच्या ठिपक्यांवरून संशय घेते, ती असे अवाढव्य पिल्लू कसे स्वीकारते, या प्रश्नाला एक पटण्याजोगे उत्तर आहे. आपली अंडी कशी दिसतात हे पक्षी पहिल्या विणीत शिकून घेतो. त्यात कुकूचे एक अंडे मिसळले तरी आपली अंडीही समोर असतात. पिल्लांच्या बाबतीत तसेच शिकायचे ठरवले आणि पहिल्याच वेळी घरट्यात एकटे कुकूचे पिल्लू असले, तर पक्षी त्यालाच आपले मानून पुढे आयुष्यभर स्वतःची पिल्ले नाकारत राहील. असे शिकणे न शिकण्यापेक्षा महाग पडते. तरी हा नियम सर्वत्र लागू नाही. ऑस्ट्रेलियात काही यजमान कुकूची पिल्ले ओळखून घरट्याबाहेर काढतात.

एकट्या पिल्लाला चार पिल्लांएवढे अन्न मिळवायचे असते, आणि इथे त्याची अडचण होते, कारण वॉर्बलर किती उघडी तोंडे दिसतात यावरूनही खेपा ठरवते. एक तोंड, ते कितीही मोठे असले तरी, चार तोंडांएवढे भरत नाही. ही उणीव पिल्लू आवाजाने भरून काढते: ते इतक्या भरभर 'सी-सी-सी' करते की घरट्यात वॉर्बलरची अनेक पिल्ले ओरडत असावीत असे वाटते. हे तपासण्यासाठी वॉर्बलरच्या घरट्यात ब्लॅकबर्डचे त्याच वजनाचे पिल्लू थोडा वेळ ठेवण्यात आले. त्याला पुरेसे अन्न मिळेना. शेजारी छोटा ध्वनिवर्धक ठेवून कुकूच्या पिल्लाचा आवाज ऐकवताच वॉर्बलरच्या खेपा कुकूच्या पिल्लासाठी होतात तितक्या वाढल्या. वॉर्बलरच्या एकाच पिल्लाचा आवाज पुरेसा ठरला नाही, अनेक पिल्लांचा मात्र तितकाच परिणामकारक ठरला.

विकन फेनमध्ये कुकू आता पूर्वीसारख्या राहिलेल्या नाहीत. १९८० च्या दशकाच्या मानाने कुकूने अंडे घातलेल्या घरट्यांचे प्रमाण खूपच घटले आहे आणि त्याबरोबर वॉर्बलरही सैल झाल्या आहेत. बनावट अंडी त्या आता पूर्वीपेक्षा कमी वेळा नाकारतात. ज्यांना जायचे आहे त्यांनी मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ निवडावा, कारण प्रौढ कुकू जूनच्या अखेरीपासूनच आफ्रिकेच्या वाटेला लागतात आणि त्या वर्षीची पिल्ले आपल्या जन्मदात्यांना न पाहता नंतर एकटीच निघतात. दुपारची वेळ राखून ठेवावी, चराकाठच्या झाडांवर नजर ठेवावी आणि घरटे पाहण्यासाठी बोरू कधीही बाजूला सारू नये. सारलेल्या बोरूतून घरटे आपल्याला जितके दिसते तितकेच ते भक्षकांनाही दिसू लागते.