दोन पायांची बेरीज भरेना

लेग प्रेसवर एकेका पायाचा जोर लावला की भारी वाटायचं, पण दोन्ही पाय एकदम लावले की बेरजेएवढं वजन काही सरकायचं नाही. पेठेच्या संघातून फुटबॉल खेळणाऱ्याला पायाची शंका आली की झोप लागत नाही. फिजिओ ताई म्हणाल्या, "आधी मोजूया, मग काळजी करा."

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत असलेल्या मित्राने लटकता डिजिटल काटा दिला, सर्वांत मोठा आकडा धरून ठेवणारा. आमचा लेग प्रेस आडवा सरकणारा. त्याची पाटी साखळीने काट्याला जखडली, म्हणजे गुडघे काटकोनात राहून नुसता जोर मोजता येतो. कंबरेला पट्टा आवळला आणि मोकळा पाय अधांतरी ठेवला. तो जमिनीला टेकला की चोरून मदत करतो आणि कंबर वळली तरी आकडा फुगतो. दोन प्रयत्नांत तीन मिनिटं विश्रांती आणि क्रम दरवेळी वेगळा. दोन्ही पायांची पाळी कायम शेवटी ठेवली, तर थकव्यालाच तूट समजून बसू, हे ताईंनी बजावलं होतं.

उजवा १२८ किलो, डावा १२१. बेरीज २४९. दोन्ही मिळून २३२. म्हणजे जवळपास ७ टक्के कमी.

"काय ताई, १७ किलो गेले कुठं?"

"स्नायू तेवढेच आहेत, पण त्यांना मिळणारा हुकूम थोडा कमी पडतो," त्या म्हणाल्या. एक स्पष्टीकरण असं, की दोन्ही बाजू एकदम कामाला लागल्या की मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याला जरा दाबतो. पण हे सवयीवरही आहे. १९९१च्या एका अभ्यासात वेटलिफ्टरांचं उलटंच निघालं, त्यांचा दोन्ही पायांचा जोर बेरजेहून जास्त भरला.

मग मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये उड्या मोजल्या. दोन पायांवर ३६ सेंमी, उजव्यावर २१, डाव्यावर २०. इथे तूट १२ टक्क्यांवर गेली. मला वाटलं मेंदू आणखी आळशी झाला, पण इथलं कारण बरंचसं वेगळंच. दोन पायांच्या उडीत प्रत्येक पायावर अर्धंच वजन, त्यामुळे पाय झटकन सरळ होतो, आणि स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर घटतो. पाटी जखडलेली असते तेव्हा हा वेग नसतोच. म्हणून दोन्ही चाचण्यांचे आकडे एकमेकांशी ताडायचे नाहीत.

शिवाय एकाच पायाचे आकडेही प्रयत्नागणिक चार-पाच किलोंनी हलत होते. त्यामुळे दोन-तीन टक्क्यांची तूट निघाली असती, तर ताईंनी ती धरलीच नसती.

त्यांनी वहीत तुटीपेक्षा उजव्या-डाव्यातला ७ किलोंचा फरक ठळक लिहिला. मैदानात धावताना आणि किक मारताना जोर एकाच पायावर येतो, म्हणून माझ्या सरावात एका पायाच्या बैठका वाढल्या, आधी डाव्या पायाच्या. दोन्ही पायांची तूट त्याने कदाचित वाढेल, असंही त्यांनी सांगून टाकलं.