रेनकोट आणि ‘ठीक आहे’

आमच्या घरात ‘ठीक आहे’ हे दोन शब्द दिवसातून निदान वीसेक वेळा तरी उच्चारले जातात. त्यातले अठरा निरुपद्रवी असतात. गॅस संपत आला, ठीक आहे. पाववाला पदेर आज उशिरा आला आणि उंडे संपले, ठीक आहे. उरलेल्या दोनांचं काय करायचं, हे लग्नाला अकरा वर्षं होऊनही मला पुरतं उमगलेलं नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. फोंड्यात पाऊस असा लागला होता की दुपारी तीनलाच दिवे लावावे लागले. मी ऑफिसातून घरी येऊन ओला रेनकोट जेवणाच्या खुर्चीवर टाकला, तेवढ्यात गावाहून दादाचा फोन. चवथीला पाचही दिवस येणार ना, गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान आणायला माणसं कमी आहेत, म्हणाला. मी फोनवरच सांगून टाकलं, ‘हो हो, पाचही दिवस.’ फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ही स्वयंपाकघरात उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं.

‘चालेल ना गं तुला?’

‘हो. ठीक आहे.’

‘नक्की?’

‘मी ठीक आहे.’

आवाज सपाट. वर गेला नाही, खाली आला नाही. चेहऱ्यावरही काही नाही. मी आपला सुटलो म्हणून चहा मागितला, आणि चहा आला. चांगला होता. साखर बरोबर होती. खरं तर तिथेच मला कळायला हवं होतं, कारण आमच्या घरी चहासोबत नेहमी चार वाक्यं येतात. त्या दिवशी नुसता कप आला.

रात्री जेवायला बसलो तेव्हा दिसलं की खुर्चीवरचा रेनकोट गायब आहे. मागच्या पडवीत दोरीवर तो नीट उलटा टांगला होता आणि त्याची टोपीही सरळ केली होती. आता, ओला रेनकोट खुर्चीवर टाकणं हा माझा अकरा वर्षांचा गुन्हा आहे आणि त्यावर तिचं अकरा वर्षांचं भाषण आहे. ते मला पाठ आहे. त्या दिवशी भाषण झालंच नाही. त्या पावसाळी रात्री माझ्या पोटात गोळा आला तो त्यामुळे.

आपण अशा वेळी चेहरा बघतो, आणि चेहरा हीच नेमकी फसवी जागा आहे. अमेरिकेत ग्रॉस आणि लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1993 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना किळस येईल अशा चित्रफिती दाखवल्या आणि काहींना सांगितलं की बघणाऱ्याला कळता कामा नये, चेहरा कोरा ठेवा. त्यांनी तो बऱ्यापैकी कोरा ठेवलाही. पण भावना दाबणाऱ्यांचे तळहात जास्त घामेजले आणि बोटांतल्या रक्तवाहिन्या जास्त आवळल्या. म्हणजे वर सगळं शांत आणि आत यंत्र जोरात. पुढे 2003 साली ग्रॉस यांच्याच सहकाऱ्यांनी दोन अनोळखी बायकांना समोरासमोर बसवून एका अस्वस्थ करणाऱ्या माहितीपटावर बोलायला लावलं, आणि त्यातल्या एकीला गुपचूप सांगितलं की भावना दाखवू नकोस. रक्तदाब समोरच्या, काहीही माहीत नसलेल्या बाईचाही वाढला. हे वाचलं तेव्हा मला चहाचा कप आठवला. काय बिघडलंय ते कळत नव्हतं, पण मला आपलं गरगरत होतं.

म्हणून मी चेहरा वाचणं सोडलं आणि अवतीभवती बघू लागलो. एक नक्की सांगतो, हे माप माणसागणिक वेगळं. माझ्या दादाला मुळातच तीन शब्दांवर बोलता येत नाही, त्याच्या ‘हूं’वर काळजी करत बसलो तर आयुष्य सरेल. ही मात्र शांत असली की तिचं ‘ठीक आहे’ एकटं येत नाही. त्याला शेपूट असतं. ‘ठीक आहे, पण येताना नारळ आण.’ ‘ठीक आहे रे बाबा, किती विचारशील.’ मनात काही अडलं असलं की मात्र शेपूट गळतं, प्रश्न जेवढा तेवढंच उत्तर येतं, माझं नाव वाक्यातून निघून जातं, आणि तक्रारी थांबतात. सगळी कामं जरा जास्तच बिनचूक होतात.

आमच्याकडे खाडीकाठच्या खाजन शेतांच्या बांधाला पाणी सोडायची मानस असते, लाकडी दारांची. भरतीचं खारं पाणी बाहेरून रेटलं की दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात. दार मिटलेलं असताना आतलं पाणी अगदी निवांत दिसतं. मासे धरणारी माणसं त्या पाण्याकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात.

उलटी चूकही मी केलेली आहे. मे महिन्यात एका संध्याकाळी ती सोप्यावर पाय वर घेऊन बसली होती. ‘काय झालं?’ ‘काही नाही.’ ‘बरी आहेस ना?’ ‘ठीक आहे.’ तोच सपाट आवाज. मी पाच वेळा विचारलं. पाचव्या वेळी ती उसळली, ‘अरे, माणसाला दहा मिनिटं गप्प बसता येऊ नये का या घरात?’ मग मी सुचतील त्या चुकांची माफी मागून टाकली, त्यातल्या दोन तिला ठाऊकच नव्हत्या. नंतर आठवलं, मी जवळ गेलो तेव्हा तिने पाय आवरून मला जागा करून दिली होती. अडलेलं माणूस जागा करून देत नाही, उठून कामाला लागतं.

तर त्या पावसाळी रात्री. ‘तू ठीक आहेस ना?’ हे पुन्हा विचारण्यात अर्थ नव्हता. त्या प्रश्नाला उत्तर एकच, आणि ते मिळून चुकलं होतं. तसंच लगेच धरून बसवण्यातही अर्थ नव्हता. असा क्षोभ झालेलं शरीर निवायला निदान वीसेक मिनिटं तरी घेतं, असं जोडप्यांचा अभ्यास करणारे गॉटमन सांगतात. मी भांडी घासली, तासभर गेला. ती दुसऱ्या दिवसाच्या हुमणासाठी आदोळीवर नारळ खवत होती. मी मध्ये आठवणींचा गाळ ढवळून बघितला होता आणि सापडलं होतं. तिचा भाऊ तीन वर्षांनी दुबईहून सावंतवाडीला येणार होता, फक्त चवथीपुरता. तिसऱ्या दिवशी माहेरी जायचं हे जूनमध्येच ठरलं होतं.

मी बाजूला पाटावर बसून म्हटलं, ‘तुझा भाऊ येणार हे मी विसरलो. दादाला हो म्हणण्याआधी तुला विचारायला हवं होतं.’

आणि गप्प बसलो. हे सगळ्यात कठीण, कारण अशा वेळी तोंडात ‘पण’ तयारच असतो.

खवण्याचा आवाज थांबला.

‘विसरलास?’

‘हो.’

‘मला वाटलं, लक्षात असून हो म्हणालास.’

आता घ्या. मी चार तास भावाच्या भेटीचं दुःख शोधत होतो आणि दुःख तिथे नव्हतंच. ते होतं, आपली गोष्ट याच्या लक्षात असूनही याने मोजली नाही, यात. हे मला रेनकोटावरूनही कळलं नसतं, आवाजावरूनही नाही. काहीतरी अडलंय इतकंच बाहेरून कळतं. काय अडलंय ते तिच्याच तोंडून यायला लागतं.

ती लगेच खुलली वगैरे नाही. डोळे पुसले, ‘नारळ डोळ्यात उडाला’ म्हणाली, नारळ कधीपासून डोळ्यात उडायला लागला देव जाणे. मी दादाला फोन केला, दोन दिवसच जमेल म्हणून सांगितलं. तो फोनवर जरा पुटपुटला आणि शेवटी म्हणाला, ‘ठीक आहे.’ तोही सपाटच, पण तो तसाच असतो.

दुसरा दिवस जेमतेम बोलण्यात गेला. तिसऱ्या दिवशी मी भिजून आलो, हातातलं सामान ठेवायच्या गडबडीत रेनकोट खुर्चीवर पडला, आणि आतून आवाज आला.

‘शेखर! किती वेळा सांगायचं? त्या खुर्चीचं कुशन कुजलंय तुझ्यामुळे. उचल आधी. आणि नारळ आणलास का?’