रंध्याचे दोन शॉट

एका सुताराच्या मुलाखतीवर फिल्म एडिट करत होतो. मुलाखत सुंदर होती, पण मधली काही वाक्यं काढावी लागली आणि तिथे चित्र टचकन उडत होतं. ते झाकायला कामाचे शॉट हवेत, आणि नेमके तेच शूट झालेले नव्हते. कारखाना तोवर आवरून झाला होता, म्हणजे परत शूट नाही. Pexels आणि Pixabay वर मोफत फुटेज शोधायला बसलो.

रंधा मारणारे हात सहज मिळाले. ते मी घेतले नाहीत. बोलणाऱ्या माणसावर दुसऱ्याचे हात लावले की प्रेक्षक ते त्याचेच समजतो, आणि ती फसवणूक मला मान्य नाही. म्हणून हात नसलेले शॉट शोधले: रंध्यातून निघणारे पापुद्रे आणि उन्हात उडणारा भुसा.

मग प्रकाश पाहिला. आमच्याकडे खिडकी डावीकडे होती, पापुद्र्यांच्या क्लिपमध्ये उजेड उजवीकडून येत होता. ती आडवी उलटवली. हात किंवा अक्षरं दिसत असती तर हे जमलं नसतं, कारण उजवा कारागीर डावखुरा होतो आणि अक्षरं उलटी होतात.

फ्रेम रेटचं गणित वेगळं. टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची. ६० फ्रेमची क्लिप तशीच टाकली की फ्रेम असमान गळून हालचाल अडखळते, आणि २५ ने वाचली तर वेग ४२ टक्क्यांच्या आसपास येऊन स्लो मोशन होतो. बाकी फिल्ममध्ये स्लो मोशन नव्हता, त्यामुळे तो उठून दिसला असता. ३० ची क्लिप २५ ने वाचली तर वेग ८३ टक्के राहतो. चालणारा माणूस त्यात जड वाटतो, पापुद्रे पडताना मात्र कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ रंगावर गेला. मोफत क्लिप बहुतेक आधीच ग्रेड केलेल्या आणि ८ बिटच्या असतात, फार ताणल्या की गुळगुळीत भागात पट्टे दिसतात. भुशाची पहिली क्लिप अशीच होती. सावल्या निळसर आणि इतक्या काळ्या, की उचलल्यावर तपशिलाऐवजी नुसता करडा थर मिळाला. ती सोडून फिकी दुसरी घेतली. मुलाखतीची स्थिर फ्रेम शेजारी ठेवून आधी पॅरेडवर, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा वेगवेगळा दाखवणाऱ्या आलेखावर, काळ्याची पातळी जुळवली, मग लाकडाचा पिवळेपणा, शेवटी सॅच्युरेशन थोडं उतरवलं. हा क्रम मी बदलत नाही, कारण काळं हललं की त्यावर जुळवलेला रंगही हलतो.

तरी काहीतरी खटकत होतं. तो अतिरेकी शार्पनेस होता. किंचित ब्लर दिला आणि त्यावर आमच्या फुटेजइतकाच ग्रेन, म्हणजे चित्रातला बारीक दाणेदारपणा, टाकला. ग्रेन आधी टाकून मग ब्लर केला तर तोही पुसला जातो.

दोन्ही शॉट दोन सेकंदांच्या आत ठेवले. खाली मुलाखतीच्या खोलीचाच आवाज अखंड चालू ठेवला. तो तुटला असता तर रंग कितीही जुळला तरी कट जाणवला असता. मग दोन्ही क्लिपच्या पानांची आणि लायसन्सची प्रत प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवली, कारण अपलोड करणारा क्लिप कधीही काढून टाकू शकतो.