एकतीस तारखेचे कर्ज

३ एप्रिल २०२३, सोमवार. सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेच्या संगणकप्रणालीची देखभाल तेव्हा माझ्याकडे होती. सकाळी साडेअकराच्या सुमारास तेथील लिपिकाचा फोन आला. एक कर्जदार काका दुसरा हप्ता भरायला आले होते, प्रणाली त्यांच्याकडून दोन्ही हप्त्यांवर दंडव्याज मागत होती आणि काकांच्या हातात संस्थेनेच छापून दिलेले हप्त्यांचे वेळापत्रक होते. त्यात पहिला हप्ता ३ मार्चला आणि दुसरा ३ एप्रिलला दाखवला होता. पहिला हप्ता त्यांनी २ मार्चला, म्हणजे एक दिवस आधीच, भरला होता. दुसरा ते अगदी नेमक्या तारखेला भरत होते. "साहेब, चूक त्यांची नाही, हे मला दिसतंय; पण खातं तसं म्हणत नाही," असे लिपिक म्हणाला. दंडाची रक्कम किरकोळ होती, मात्र काका ती भरणार नव्हते आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.

मी कर्जाचे खाते उघडले. कर्ज ३१ जानेवारीला वितरित झाले होते. खात्यात पहिल्या हप्त्याची देय तारीख २८ फेब्रुवारी होती, दुसऱ्याची २८ मार्च आणि तिसऱ्याची २८ एप्रिल. म्हणजे एकाच कर्जाची दोन वेळापत्रके अस्तित्वात होती आणि दोन्ही आमच्याच प्रणालीने तयार केली होती. छापील कागद ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट तयार करत असे, तर खात्यातील नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तयार होत.

कागदाचे कोडे आधी सुटले.

```js
const d = new Date(2023, 0, 31);
d.setMonth(d.getMonth() + 1);   // ३ मार्च २०२३
```

जावास्क्रिप्ट महिन्याचा आकडा एकने वाढवते आणि दिवस ३१ च ठेवते, त्यामुळे तारीख "३१ फेब्रुवारी" अशी होते. अशी तारीख नसल्याने फेब्रुवारीचे २८ दिवस संपवून उरलेले तीन दिवस मार्चमध्ये मोजले जातात. हा त्या भाषेतील दोष नव्हे, तिचा ठरलेला नियम आहे. आमच्या कर्जासाठी मात्र तो घातक होता, कारण फेब्रुवारी महिना हप्त्याविना गेला आणि एकदा ३ तारीख झाल्यावर पुढचे सगळे हप्ते ३ तारखेलाच पडत राहिले.

पोस्टग्रेस त्याच प्रश्नाचे उत्तर वेगळे देते. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला आणि फेब्रुवारीत ३१ तारीख नसली, तर ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी थांबते, म्हणजे २८ फेब्रुवारीला. मासिक हप्त्यासाठी हेच उत्तर समंजस आहे, कारण "एका महिन्याने" म्हणणाऱ्या माणसाला निदान पुढचा महिना तरी अपेक्षित असतो, त्याच्याही पुढचा नव्हे. त्यामुळे खाते बरोबर आणि कागद चूक, असे मी लिपिकाला सांगणारच होतो. तेवढ्यात दुसऱ्या हप्त्याची २८ मार्च ही तारीख डोळ्यांत खुपली. मार्चला तर ३१ दिवस असतात.

ही चूक डेटाबेसची नव्हती, आमची होती. आमचा कोड प्रत्येक हप्त्याची तारीख मागील हप्त्याच्या तारखेत एक महिना मिळवून काढत असे. फेब्रुवारीने ३१ चे २८ केले आणि त्यानंतर मूळ ३१ कोणालाच आठवले नाही. २९, ३० किंवा ३१ जानेवारी, यांपैकी कोणत्याही तारखेत एक महिना मिळवला तरी २०२३ मध्ये उत्तर २८ फेब्रुवारी हेच येते, त्यामुळे केवळ २८ फेब्रुवारीकडे पाहून कर्ज कोणत्या दिवशीचे होते हे कोणीही सांगू शकत नाही. उलट दिशेनेही तेच घडते: ३१ जानेवारीत एक महिना मिळवून लगेच एक महिना वजा केला, तर हाती २८ जानेवारी येते. शाळेतल्या बेरीज-वजाबाकीची सवय इथे दगा देते.

उपाय त्यामानाने साधा होता. साखळी तोडायची आणि प्रत्येक हप्ता थेट वितरणाच्या तारखेपासून मोजायचा: पहिल्यासाठी एक महिना, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी तीन.

```sql
select n, (date '2023-01-31' + n * interval '1 month')::date
from generate_series(1, 4) as n;
```

याची उत्तरे २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल आणि ३१ मे अशी येतात. लहान महिना तारीख तेवढ्यापुरती मागे ओढतो आणि पुढच्या मोठ्या महिन्यात ती आपल्या जागी परत जाते. वितरणाची तारीख खात्यात स्वतंत्रपणे नोंदलेली होती, म्हणून जुनी वेळापत्रकेही दुरुस्त करता आली. ती नसती तर एकेक कर्जरोखा कपाटातून काढावा लागला असता.

दुपारी संस्थेच्या व्यवस्थापकांशी बोलणे झाले. त्यांचा प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. "मग २८ फेब्रुवारीला कर्ज घेतलेल्याचा पहिला हप्ता केव्हा? महिनाअखेरीला घेतलं, तर महिनाअखेरीलाच नको का?" हा विचार वेडगळ नाही. ओरॅकलचे `ADD_MONTHS` नेमके तसेच वागते आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी एक महिना मिळवला की पुढच्या महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे येथे ३१ मार्च, देते. पोस्टग्रेस २८ मार्च देते. मी दुसऱ्या बाजूने होतो, कारण आमच्या कर्जरोख्यात "वितरणाच्या तारखेपासून दरमहा" असे शब्द होते, "महिनाअखेर" हा शब्द कुठेही नव्हता. इंग्लंडमध्ये डॉड्स विरुद्ध वॉकर या खटल्यात हाच वाद तेथील सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला होता. ३० सप्टेंबरला मिळालेल्या नोटिशीची चार महिन्यांची मुदत ३० जानेवारीला संपते की ३१ ला, असा प्रश्न होता. १९८१ च्या निकालात ३० जानेवारी मान्य झाली आणि ३१ ला अर्ज करणारा भाडेकरू एका दिवसाने हरला. नियम असा की त्याच क्रमांकाची तारीख धरावी आणि ती त्या महिन्यात नसेल तरच शेवटचा दिवस घ्यावा. व्यवस्थापकांना तो पटला. नव्या कर्जांचे हप्ते सरसकट दहा तारखेला ठेवावेत, असे त्यांनी स्वतःहून सुचवले. त्याला माझी हरकत नव्हती, पण मुदत ठेवींना ही पळवाट लागू पडत नाही: ३१ ऑगस्टला सहा महिन्यांसाठी ठेवलेली रक्कम केव्हा परत द्यायची, हे कोणाला तरी ठरवावेच लागते.

काकांचा दंड दोन्ही हप्त्यांवर माफ झाला. दुरुस्त वेळापत्रकाने पाहिले तर पहिला हप्ता दोन दिवस आणि दुसरा तीन दिवस उशिरा होता, परंतु चुकीचा कागद संस्थेने दिलेला असल्याने तो हिशेब काढण्यात अर्थ नव्हता. सायंकाळी लिपिकाने त्यांना नवा कागद दिला. त्यांनी तो वाचला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि विचारले, "तीस एप्रिलला रविवार आहे आणि एक मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी. मग मी पैसे भरायचे कधी?" लिपिकाने पुन्हा फोन लावला. २ मेपर्यंत भरले तर दंड लागणार नाही, असे मी सांगितले, आणि फोन ठेवल्यावर त्या रात्रीच्या कामांच्या यादीत एक ओळ वाढवली: सुट्टीमुळे भरण्याची मुदत पुढे सरकली तरी त्यानंतरचा हप्ता ३१ मे हाच राहिला पाहिजे.