काकाचा बेदाणा आणि माझी एसटीपीची असाइनमेंट

बीबीएच्या पहिल्या वर्षाला मार्केटिंगची असाइनमेंट होती: एक वस्तू घ्या आणि तिच्यावर सेगमेंटेशन, टार्गेटिंग, पोझिशनिंग करून दाखवा. मी तासगावच्या काकाचा बेदाणा घेतला. घरचाच माल, एका रात्रीत होईल असं वाटलं होतं. तीन आठवडे गेले.

पहिल्या कच्च्या प्रतीत मी बाजाराचे तीन भाग पाडले: हिरवा, पिवळा आणि काळा बेदाणा. मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तू मालाचं वर्गीकरण केलंस. गिऱ्हाईक कुठंय?" ही चूक जुनीच आहे म्हणे. मार्केटिंगचे अभ्यासक वेंडेल स्मिथ यांनी 1956 च्या लेखात या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या होत्या: आपला माल इतरांपेक्षा वेगळा करणं निराळं आणि मागणीच मुळात एकसारखी नसते हे ओळखून तिचे गट पाडणं निराळं.

मग मी वयाचे गट केले, 18 ते 35, 36 ते 60. तेही पडलं. आमच्या घरात आजी आणि दादा दोघंही रात्री बेदाणे भिजत घालून सकाळी खातात. म्हणजे वयात पन्नास वर्षांचं अंतर आणि खरेदी एकच.

शेवटी काकालाच विचारलं, तुझ्याकडनं कोण कोण नेतं? तो म्हणाला, "मिठाईवाला पेटीच्या पेटी नेतो, पण भाव पाडून मागतो आन् पैसे दोन महिन्यांनी. बाया सणाला पाव किलो नेत्यात शिऱ्याला. दिवाळीला भेट द्यायला नेणारे येगळे. आन् हे भिजवून खाणारे दर महिन्याला येत्यात, पण काडी निघाली की कुरकुरत्यात." वही काढून मी तेच लिहून घेतलं. कशासाठी घेतात, किती घेतात, कशावरून तक्रार करतात यावरून चार गट पडले. सेगमेंटेशन झालं होतं आणि ते काकानं केलं होतं.

टार्गेटिंगला मी आधी "चारही गट" लिहिणार होते. पण काका व्यापाऱ्याला न देता किरकोळ विक्रीसाठी बाजूला ठेवतो तो माल 400 किलो. मिठाईवाल्याला तो पुरणार नाही आणि उधारी काकाला झेपणार नाही. दिवाळीचं गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येतं, वर खोक्याचा खर्च. भिजवून खाणाऱ्यांचा हिशोब मात्र जमला. माणशी रोज दहा बेदाणे, म्हणजे साधारण पाच ग्रॅम. तिघांच्या घराला महिन्याला जवळपास अर्धा किलो. 400 किलो दहा महिन्यांत विकायचे तर महिन्याला 40 किलो, म्हणजे 80 घरं. गटाचं माप निघालं आणि तो काकाच्या आवाक्यातला निघाला. मॅडमना हाच भाग सगळ्यात आवडला.

पोझिशनिंगला मी आधी घोषवाक्य लिहून मोकळी झाले होते. पण प्रश्न असा असतो की गिऱ्हाइकाच्या मनात आपण कुणाच्या शेजारी बसतो आणि त्याच्यापेक्षा वेगळे कशात. त्यासाठी नकाशा काढतात. मी एका अक्षावर किंमत आणि दुसऱ्यावर दर्जा घेतला, तर सगळे ठिपके एकाच तिरक्या रेषेत आले, कारण महाग म्हणजे चांगला असं लोक धरूनच चालतात. असे अक्ष काही सांगत नाहीत. मग एक अक्ष "निवडलेला, काडी नसलेला" आणि दुसरा "कुठल्या शेडवर वाळवला ते माहीत असलेला" असा घेतला. किराणा दुकानातला सुटा माल दोन्हीकडं खाली. मोठ्या दुकानातलं पाकीट स्वच्छ, पण शेड माहीत नाही. पाहुण्यांनी तासगावहून आणलेला ओळखीचा, पण काड्यांसकट. स्वच्छ आणि ओळखीचा हा कोपरा रिकामा होता. विधान असं झालं: सांगलीत रोज बेदाणा भिजवून खाणाऱ्या घरांसाठी, हाताने निवडलेला, पाकिटावर शेडचं गाव आणि वाळवल्याचा महिना लिहिलेला, महिन्याचा अर्धा किलो.

यातून मालही बदलला, हे मला उशिरा कळलं. भिजल्यावर बेदाणा फुगतोच, त्यामुळं या गटाला मोठ्या दाण्याचं तेवढं कौतुक नाही. काका प्रतवारीला पैसे घालवत होता, ते काड्या निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीकडं वळवायला हवेत असं मी लिहिलं.

गिऱ्हाईक कुठं गाठायचं, तर सांगलीच्या आमराई बागेत सकाळी फिरायला येणारे, असं ठोकून दिलं होतं. तपासून आलेल्या प्रतीवर समासात लाल पेननं एकच ओळ होती: "यातल्या किती जणांना मधुमेह आहे?" दुसऱ्या दिवशी सहा वाजता जाऊन चौदा जणांना विचारलं. पाच जण म्हणाले, डॉक्टरांनी बेदाणा बंद केलाय. काकाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग ऐंशी घरं गाठायला तुला आणखी एक बाग लागंल."