किडनीवरची पाण्याची गाठ

"वडिलांना मुतखड्याचा त्रास म्हणून मिरजेत सोनोग्राफी केली. खडा डावीकडे निघाला, पण उजव्या किडनीवर २३ मिमीची सिस्ट आहे म्हणे. काढावी लागेल का? कॅन्सरचं तर नाही ना?"

रिपोर्टमध्ये 'सिंपल कॉर्टिकल सिस्ट' लिहिलं असेल, तर नाही, आणि काढायचीही नाही. किडनीतल्या बारीक नळीचा एखादा भाग फुगून त्यात पाणी साठतं, एवढाच तो प्रकार. पन्नाशीनंतर कितीतरी जणांना अशी सिस्ट असते आणि सोनोग्राफी होईपर्यंत पत्ता नसतो.

घोळ शब्दाचा आहे. आपण सिस्टलाही गाठ म्हणतो आणि कॅन्सरच्या ट्यूमरलाही गाठच. सोनोग्राफीत मात्र दोन्ही वेगळ्या दिसतात. नुसत्या पाण्यातून आवाजाचा प्रतिध्वनी येत नाही, म्हणून साधी सिस्ट पडद्यावर पूर्ण काळी दिसते. तिची भिंत पातळ आणि गुळगुळीत असते. पाण्यातून आवाज फारसा न अडता पुढे जातो, त्यामुळे सिस्टच्या मागचा भाग उजळतो. ही तिन्ही लक्षणं असली की डॉक्टर 'सिंपल' लिहितात. तो शब्द सहज म्हणून लिहिलेला नसतो, तेच निदान असतं.

मॉर्टन बोस्नियाक या रेडिऑलॉजिस्टनं १९८६ साली किडनीच्या सिस्टची प्रतवारी मांडली. मुळात ती सीटी स्कॅनसाठी आहे. तिच्यात साधी सिस्ट पहिल्या प्रकारात येते आणि तिच्यासाठी पुन्हा तपासणीही सुचवलेली नाही. आत जाड पडदे, जाड किंवा खडबडीत भिंत, घट्ट भाग किंवा त्यात रक्तप्रवाह दिसला, तर गोष्ट वेगळी. मग काँट्रास्ट देऊन सीटी करावा लागतो. दोन्ही किडन्या सिस्टनी भरल्या असतील आणि घरात कुणाला किडनीचा आजार असेल, तर तोही निराळा विषय.

लोक अडकतात ते पुढे. सहा महिन्यांनी सांगलीत दुसरीकडे सोनोग्राफी होते, रिपोर्टात २६ मिमी येतं आणि घरात "गाठ वाढली" म्हणून रडारड. श्वास किती धरला, प्रोब कुठल्या कोनात धरला, माप कुणी घेतलं, यानंच तीन मिमीचा फरक पडतो. खरंच थोडी वाढली तरी साध्या सिस्टचं मोठं होणं म्हणजे कॅन्सर नव्हे. "सुईनं पाणी काढून टाका" असा आग्रहही होतो, पण आतलं अस्तर तसंच राहतं आणि पाणी पुन्हा भरतं. सिस्ट खूप मोठी होऊन दुखत असेल, तिच्यात जंतुसंसर्ग झाला असेल किंवा ती लघवीची वाट दाबत असेल, तरच हात लावतात.

या गडबडीत डावीकडचा खडा विसरला जातो. दुखणं त्याचं होतं! ताप, थंडी किंवा लघवी अडकणं यांपैकी काही झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्याचं कारण मात्र सिस्टमध्ये शोधू नका. हा रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या सोनोग्राफीला सोबत न्या, म्हणजे जुनीच सिस्ट कुणी नवी म्हणून सांगणार नाही.