बीटीयूमधला रेडिएटर आणि वॅटमधली खोली

इंग्लंडमध्ये घरातील रेडिएटर बदलायचा ठरवून दुकानात गेले, की प्रत्येक रेडिएटरवरील चिठ्ठीवर ठळक अक्षरांत बीटीयूचा आकडा दिसतो. त्याच दुकानातील विजेच्या हीटरवर मात्र वॅट लिहिलेले असतात आणि खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेबही वॅटमध्येच सोपा पडतो. भारतातून येथे शिकायला किंवा नोकरीला येऊन काही वर्षांनी जुने विटांचे घर घेणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना या दोन मापांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न पहिल्याच हिवाळ्यात पडतो, म्हणून एका खोलीचा हिशेब येथे पूर्ण मांडतो.

एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू, म्हणजेच सुमारे १०५५ ज्यूल. चिठ्ठीवर नुसते ‘बीटीयू’ छापलेले असले, तरी तेथे अभिप्रेत असते ते ‘ताशी बीटीयू’. तासात ३६०० सेकंद असतात आणि सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट, त्यामुळे १०५५ला ३६००ने भागले की ०.२९३ येते. ताशी एक बीटीयू म्हणजे ०.२९३ वॅट, आणि उलट दिशेने एक वॅट म्हणजे ताशी ३.४१२ बीटीयू. तोंडी हिशेब करायचा असेल तर बीटीयूच्या आकड्याचे तीन दशांश घ्यावेत आणि त्यातून सुमारे सव्वादोन टक्के वजा करावेत. ५००० बीटीयूचे तीन दशांश १५००, त्यातून ३५ वजा केले की १४६५ वॅट. आपल्याकडचा एक टनाचा एसी ताशी १२,००० बीटीयू उष्णता खोलीतून बाहेर काढतो असे म्हणतात, तेव्हा तेही याच मापाने साधारण ३५१७ वॅट होतात. मात्र एसीच्या पाटीवरील विजेचा आकडा याहून बराच कमी असतो, कारण एसी उष्णता निर्माण करत नाही, ती एका जागेवरून दुसरीकडे नेतो. साध्या विजेच्या हीटरमध्ये असा फरक नसतो. तो जितके वॅट वीज घेतो, तितकेच वॅट उष्णता देतो.

आता खोलीकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतील तळमजल्यावरची बैठकीची खोली घेऊ. ती ४ मीटर रुंद, ३.५ मीटर खोल आणि २.५ मीटर उंच आहे, म्हणजे तिच्यात ३५ घनमीटर हवा मावते. रस्त्याकडील एकच भिंत बाहेरच्या हवेला लागून आहे, बाजूला शेजाऱ्यांचे उबदार घर आहे, आणि वर आपलीच तापवलेली झोपण्याची खोली आहे. आत २१ अंश हवे आहेत आणि बाहेर कडाक्याच्या थंडीच्या रात्रीचे म्हणून उणे ३ अंश सेल्सिअस धरू, म्हणजे फरक २४ अंशांचा झाला. रोजची सरासरी थंडी धरून केलेला हिशेब नेमका ज्या रात्री उपयोगी पडायला हवा, त्याच रात्री अपुरा ठरतो.

भिंतीतून, काचेतून आणि जमिनीतून जाणारी उष्णता काढायला एकच नियम पुरतो. त्या भागाचे क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्यावे, त्याला तापमानाच्या फरकाने गुणावे, आणि शेवटी त्या बांधकामाच्या ‘यू-व्हॅल्यू’ने गुणावे. एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट निसटतात, ते ही यू-व्हॅल्यू सांगते. मधे पोकळी नसलेल्या नऊ इंची जुन्या विटांच्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण २ धरता येते. खिडकी सोडून उरलेली भिंत ८ चौरस मीटर आहे, म्हणून तिच्यातून ३८४ वॅट जातात. दुहेरी काचेची पण जुनी असलेली २ चौरस मीटरची खिडकी २.८च्या हिशेबाने १३४ वॅट घालवते. खाली पोकळी असलेली, उष्णतारोधक थर नसलेली लाकडी जमीन १४ चौरस मीटरची आहे आणि तिला ०.७ धरले तर आणखी २३५ वॅट होतात.

यानंतर फटींमधून आत-बाहेर होणाऱ्या हवेची गळती येते, आणि जुन्या घरात हीच पुष्कळदा सर्वांत मोठी असते. खोलीतील सगळी हवा तासाला किती वेळा बदलते, तो आकडा घ्यावा. त्याला घनमीटरने, मग अंशांच्या फरकाने आणि शेवटी ०.३३ने गुणावे. लाकडी फळ्यांच्या जमिनीतील फटी आणि दाराखालचा वारा लक्षात घेऊन तासाला दीड वेळा हवा बदलते असे धरले, तर ४१६ वॅट येतात. चारही आकड्यांची बेरीज ११६९ वॅट होते. दिवसभर घर बंद ठेवून संध्याकाळी थंडगार खोली लवकर तापवायची असेल, तर त्यावर पंधरा टक्के वाढ धरतात, म्हणून आपण १३५० वॅट हे लक्ष्य ठेवू. ३.४१२ने गुणले की ते सुमारे ४६०० बीटीयू होतात.

येथपर्यंतचा हिशेब बहुतेक जण करतात आणि ५००० बीटीयूचा रेडिएटर उचलून घरी आणतात, कारण १४६५ वॅट १३५०पेक्षा जास्त दिसतात. बीटीयूचे वॅट अगदी बरोबर केलेले असतात, तरी खोली थंड राहू शकते, कारण चिठ्ठीवरील आकडा ठरावीक परिस्थितीतच खरा असतो. रेडिएटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तो आतल्या गरम पाण्यातील उष्णता खोलीला देतो, त्यामुळे पाणी आणि खोली यांच्या तापमानात जितके अंतर, तितकी त्याची ताकद. युरोपीय मानक ईएन ४४२नुसार हा आकडा ७५ अंशांचे पाणी आत, ६५ अंशांचे बाहेर आणि खोली २० अंशांवर या स्थितीत मोजतात. पाण्याचे सरासरी तापमान ७० आणि खोलीचे २०, म्हणून अंतर ५० अंशांचे. चिठ्ठीवर बारीक अक्षरांत ‘डेल्टा टी ५०’ अशा अर्थाची खूण असते ती हीच. काही विक्रेते मात्र डेल्टा टी ६०चा आकडा पुढे करतात. तोच रेडिएटर ६०वर सुमारे २७ टक्के जास्त बीटीयू दाखवतो, म्हणून दोन दुकानांतील आकड्यांची तुलना करण्यापूर्वी ही खूण शोधलीच पाहिजे. आपल्या ५००० बीटीयूवर डेल्टा टी ६० लिहिलेले असेल, तर ५० अंशांवर त्यातून सुमारे ११५६ वॅटच मिळतात.

पण खरी अडचण डेल्टा टी ५०देखील घरात फारसा मिळत नाही, ही आहे. येथे २००५पासून बहुतेक घरांत कंडेन्सिंग बॉयलर बसवले जातात आणि त्यांची बचत तेव्हाच होते, जेव्हा रेडिएटरमधून परत येणारे पाणी ५५ अंशांपेक्षा थंड असते, कारण तेव्हाच धुरातील वाफेचे पाणी होऊन तिची उष्णता परत मिळते. म्हणून जाणकार माणूस बॉयलरमधून निघणारे पाणी ६० अंशांवर ठेवायला सांगतो. परतीचे पाणी ५० अंशांचे धरले, तर सरासरी ५५ होते आणि २० अंशांच्या खोलीशी अंतर ३५ अंशच उरते. अंतर सत्तर टक्क्यांवर आले म्हणून उष्णताही सत्तर टक्के मिळते असे नाही. ती त्याहून थोडी वेगाने घटते. पाणी आणि खोली यांच्या तापमानातील प्रत्यक्ष अंतर ५०ने भागून त्याचा १.३वा घात घेतला की गुणक मिळतो, आणि ३५ अंशांसाठी तो ०.६३ येतो. १४६५ वॅटचा तो रेडिएटर आता सुमारे ९२० वॅट देतो. कडाक्याच्या रात्री ११६९ वॅट बाहेर जात असताना आत ९२० येत असतील, तर ती खोली २१ अंशांपर्यंत पोहोचणार नाही. बॉयलरऐवजी हीट पंप असलेल्या घरात पाणी आणखी कोमट असते. ४५ अंशांचे आत आणि ४० अंशांचे बाहेर असेल तर अंतर साडेबावीस अंशांचे, गुणक ०.३५ आणि त्याच रेडिएटरची ताकद जेमतेम ५२० वॅट.

म्हणून हिशेब उलट्या क्रमाने करावा. आधी आपल्या घरात पाणी किती अंशांवर वाहणार, ते ठरवावे. मग लागणाऱ्या वॅटला त्या गुणकाने भागावे आणि सर्वांत शेवटी बीटीयू करावेत. १३५० भागिले ०.६३ म्हणजे २१४० वॅट, आणि ते सुमारे ७३०० बीटीयू. डेल्टा टी ५०च्या चिठ्ठीवर हा आकडा असलेला रेडिएटर शोधावा. दुहेरी पत्र्याचा आणि दोन्ही पत्र्यांना मागे पातळ पत्र्याच्या उभ्या घड्या असलेला, ज्याला येथे ‘टाइप २२’ किंवा ‘के-टू’ म्हणतात, असा ६०० मिलिमीटर उंच आणि १२०० ते १४०० मिलिमीटर लांब रेडिएटर साधारण त्या आवाक्यात येतो. खिडकीखाली तेवढी जागा आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच मोजून पाहावे.

बसवून झाल्यावर खोली १७ अंशांवरच अडकली, तर लगेच रेडिएटरला दोष देऊ नये. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून तासभर चालू ठेवावे आणि मग वरून खालपर्यंत हात लावून पाहावा. वरचा भाग थंड असेल तर आत हवा अडकलेली असते आणि ती किल्लीने सोडता येते. खालचा मधला भाग थंड असेल तर गाळ साचलेला असतो. सगळीकडे सारखाच गरम, दोन्ही नळही गरम, आणि तरी खोली तापत नसेल, तर मात्र रेडिएटर छोटा आहे किंवा पाणी त्या खोलीसाठी पुरेसे गरम नाही.

अशा वेळी मोठा रेडिएटर आणण्यापूर्वी गळतीकडे पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. फळ्यांमधील फटी आणि दाराखालची पोकळी भरून हवेचा बदल तासाला दीडवरून ०.८वर आणता आला, तर ४१६ वॅटचे २२२ होतात आणि १९४ वॅट वाचतात. ३५ अंशांच्या अंतरावर तेवढेच वॅट पुरवायला चिठ्ठीवर सुमारे १०५० बीटीयू जास्त लागले असते. मात्र खोलीत उघड्या धुराड्याची गॅसची शेगडी असेल, तर तिच्यासाठी भिंतीत ठेवलेली हवेची जाळी कधीही झाकू नये, कारण तिची हवा अडली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो, आणि त्याला वास नसतो.